दाट वेणीतून आलेलं टक्कल

*ताई, माझा मुलगा 24 वर्षांचा आहे. दोन वर्षांत त्याच्या कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतले केस मागे गेले आणि आता टाळूही दिसायला लागलीय. मिस्टरांचे केस 54 व्या वर्षी दाट आहेत. माझ्या वडिलांना मात्र तिशीतच टक्कल पडलं होतं. सासूबाई उठता-बसता म्हणतात, "हे तुझ्या माहेरचं." त्यांचा स्वतःचा भांग एवढा रुंद झालाय, तरी. माझी वेणी आजही कमरेपर्यंत आहे. माझेच केस दाट, तर माझ्याकडून टक्कल जाईल कसं? मुलगी बारावीला आहे. तिच्या क्लासच्या नोट्समध्ये लिहिलंय, "टक्कल पुरुषांत प्रभावी, स्त्रियांत अप्रभावी." एकच जनुक दोघांत वेगळं कसं वागतं, ते तिला कळत नाही. आणि दिवाळीपासून तिचेही केस मूठ-मूठ गळतायत, म्हणून ती घाबरलीय.*
*— एक आई, लालबाग*

प्रिय ताई,

आधी तुम्हाला न आवडणारं उत्तर देते, कारण तेच खरं आहे: तुमच्या मुलाच्या टकलाचा मोठा वाटा बहुधा तुमच्याकडूनच गेला आहे. तुमची कमरेपर्यंतची वेणी त्याच्या आड येत नाही. पण म्हणून सासूबाईंचं म्हणणं पूर्ण बरोबर ठरत नाही, आणि ते त्यांच्याच भांगावरून दाखवता येतं. तिथे येतेच, त्याआधी मुलीच्या नोट्समधलं ते वाक्य नीट उलगडू.

मी कॉलेजात बरीच वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. "पुरुषांत प्रभावी, स्त्रियांत अप्रभावी" हे उत्तर मुलं परीक्षेत बिनचूक लिहायची, आणि मग वर्गाबाहेर येऊन विचारायची, "मॅडम, म्हणजे मुलात गेल्यावर जनुक बदलतं का?" त्यांचा प्रश्न योग्यच होता. ते वाक्य ज्या पद्धतीने लिहिलं जातं, त्यावरून प्रभावी असणं हा जनुकाच्या अंगचाच गुण वाटतो, जसा सोन्याचा पिवळेपणा. तसं नसतं. जनुक जसंच्या तसं राहतं. ते ज्या शरीरात जातं, तिथे त्याची एक प्रत पुरते की दोन लागतात, एवढंच "प्रभावी" आणि "अप्रभावी" हे शब्द सांगतात. आणि ते शरीरावर अवलंबून असतं.

आता तुमचंच घर घेऊ. समजायला सोपं जावं म्हणून क्षणभर असं धरू की टक्कल एकाच जनुकाच्या जोडीवर ठरतं. टक्कल आणणाऱ्या प्रतीला "ट" म्हणू आणि केस राखणाऱ्या प्रतीला "क". प्रत्येकाकडे दोन प्रती, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. पुरुषात एक "ट" असला तरी टक्कल पडतं. स्त्रीत केस विरळ व्हायला दोन्ही "ट" लागतात.

तुमचे मिस्टर 54 व्या वर्षी दाट केसांचे आहेत. त्यांच्याकडे एक जरी "ट" असता तर एव्हाना दिसला असता, म्हणजे ते "कक". मुलाला टक्कल पडतंय, म्हणजे त्याच्याकडे निदान एक "ट" आहे. वडिलांकडे द्यायला "ट" नव्हताच, तेव्हा तो तुमच्याकडूनच आला. तुमचे केस दाट आहेत, म्हणजे तुम्ही "टट" नाही. उरलं एकच: तुम्ही "टक". आणि वडिलांकडून "क" आणि तुमच्याकडून "ट" घेतलेला मुलगासुद्धा "टक"च.

इथे थोडं थांबा, ताई. तुमची आणि तुमच्या मुलाची जोडी एकच आहे, तीच दोन अक्षरं. त्या जोडीवर तुमच्या डोक्यावर वेणी आहे आणि त्याच्या डोक्यावर टाळू दिसतेय. अशा गुणांना लिंग-प्रभावित गुण म्हणतात, आणि त्याचं याहून चांगलं उदाहरण तुमच्या मुलीला कुठल्याही नोट्समध्ये मिळणार नाही.

हा "ट" तुमच्या वडिलांकडूनच आला असेल असंही घट्ट धरू नका. त्यांना टक्कल होतं म्हणून संशय त्यांच्यावर जातो. पण तुमच्या आईकडेही एक "ट" असू शकतो, जो तुमच्यासारखाच तिच्या दाट केसांखाली आयुष्यभर गप्प राहिला. बायकांच्या डोक्यावरून हे वाचता येत नाही. म्हणूनच घराण्याचा हिशेब मांडताना लोक फक्त पुरुषांची डोकी मोजतात आणि निम्मा हिशेब हुकतो.

मग तीच जोडी दोन शरीरांत वेगळी का वागते? लालबागला राहता म्हणून तुमच्या शेजारचंच उदाहरण देते. हिंदमाताचा भाग सखल. तिथे मध्यम पावसातही पाणी भरल्याचं आपण वर्षानुवर्षं पाहिलं. मलबार हिलवर कितीही कोसळो, पाणी उभं राहत नाही. आणि यांच्या मधली बरीच मुंबई अशी आहे जी एरवी कोरडी असते, पण 26 जुलै 2005 सारखा, सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पडलेला पाऊस आला की पाण्याखाली जाते. जमीन तीच, पाऊस वेगळा.

डोक्यातली जमीन म्हणजे केसांची मुळं आणि पाऊस म्हणजे पुरुषी संप्रेरकं. टेस्टोस्टेरॉनपासून शरीर डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन नावाचं आणखी तीव्र संप्रेरक तयार करतं. ते कपाळ आणि टाळूवरच्या मुळांना जाऊन चिकटतं. मूळ संवेदनशील असेल तर केसाचा वाढीचा काळ आखडतो. जो केस काही वर्षं सलग वाढायचा, तो काही महिन्यांतच गळतो, आणि त्याच्या जागी येणारा दर वेळी आधीपेक्षा बारीक आणि आखूड. शेवटी लव उरते. टक्कल पडतं म्हणजे केस उपटले जात नाहीत, ते पिढी दर पिढी लहान होत जातात. मानेकडच्या मुळांना या संप्रेरकाचं फारसं काही वाटत नाही, म्हणून टक्कल पडलेल्या माणसाच्या मागे केसांची झालर शिल्लक राहते.

"टट" ही हिंदमाताची जमीन, "कक" मलबार हिलची, "टक" मधली. प्रौढ स्त्रीच्या रक्तातही टेस्टोस्टेरॉन असतं, पण पुरुषाच्या रक्तात ते साधारण दहा ते वीस पट जास्त. तुमच्या अंगात रिमझिम आहे, तिच्यात फक्त हिंदमाता भरेल, मधली जमीन कोरडी राहील. मुलाच्या अंगात वयात आल्यापासून 26 जुलै चालू आहे, त्यात मधली जमीनही बुडते. टेकडी तेवढी वाचते. मुलीला म्हणावं, "पुरुषांत प्रभावी, स्त्रियांत अप्रभावी" या वाक्याच्या पोटात एवढंच दडलंय.

हे नुसतं रूपक नाही. 1942 साली अमेरिकेत जेम्स हॅमिल्टन यांनी अशा पुरुषांचा अभ्यास मांडला ज्यांची वृषणं वयात येण्याआधीच काढली गेली होती किंवा वाढलीच नव्हती. त्यांना टक्कल पडत नव्हतं. त्यांच्यातल्या काहींना उपचार म्हणून टेस्टोस्टेरॉन दिलं, तेव्हा ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं त्यांचे केस जायला लागले. इतरांचे तेच औषध घेऊनही टिकले. औषध थांबवलं की गळणं पुढे सरकायचं थांबलं, गेलेले केस मात्र परत आले नाहीत. यातून दोन गोष्टी एकदम सिद्ध झाल्या. सखल जमीन असून पाऊस नसेल तर पाणी भरत नाही, आणि पाऊस असून जमीन उंच असेल तरी भरत नाही.

माणसांपेक्षा मेंढ्यांत हे आणखी स्वच्छ दिसतं. इंग्लंडमधल्या डॉर्सेट जातीत नर-मादी दोघांना शिंगं, सफोक जातीत कुणालाच नाहीत. या दोन जातींचा संकर केला की पहिल्या पिढीतल्या प्रत्येक पिल्लाकडे एक प्रत शिंगांची आणि एक बिनशिंगी. सगळ्यांची जोडी एकच. तरी नर शिंगांचे निघतात आणि माद्या बिनशिंगी. ही भावंडं आपसात जुळवली की पुढच्या पिढीतल्या नरांत तीन शिंगांचे आणि एक बिनशिंगी असं प्रमाण पडतं, माद्यांत बरोब्बर उलटं. मुलीने हा तक्ता एकदा स्वतः हाताने मांडावा. पुन्हा ती हे विसरणार नाही.

आता सासूबाईंचा भांग. वरच्या साध्या हिशेबात स्त्रीचे केस विरळ व्हायचे तर ती "टट" हवी. सासूबाई "टट" असतील तर त्यांच्या प्रत्येक मुलाला एक "ट" मिळालाच पाहिजे, द्यायला त्यांच्याकडे दुसरं काही नाहीच. म्हणजे तुमच्या मिस्टरांना टक्कल पडायला हवं होतं. पडलेलं नाही. हिशेब इथे मोडतो.

तो मोडतो कारण एकाच जनुकाची ही गोष्ट मुळात अपुरी आहे. 1916 साली डोरोथी ऑझबोर्न यांनी ती मांडली, आणि त्या काळात ती फार चांगली कल्पना होती, कारण लिंगामुळे प्रभावीपण बदलू शकतं हे तिने नेमकं पकडलं. ती अजून शिकवली जाते ती याचसाठी. पण टकलामागे जनुकं अनेक आहेत. 2017 मध्ये ब्रिटनमधल्या 52 हजारांहून जास्त पुरुषांच्या अभ्यासात गुणसूत्रांवर टकलाशी संबंध असलेल्या 287 जागा सापडल्या. त्यातल्या बहुतेकांचा परिणाम थोडा-थोडा. जमीन एका फावड्याने सखल होत नाही, शेकडो ठिकाणी थोडी-थोडी खचलेली असते. म्हणून तुमच्या मिस्टरांकडूनही काही प्रती मुलाकडे गेल्या असणार. त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर त्यांची बेरीज उंबरठा ओलांडण्याइतकी झाली नाही. मुलात तुमच्या प्रती त्यांत मिळाल्या आणि झाली. शिवाय उतारवयात बायकांचे केस विरळ होण्यामागे पुरुषी टकलाचीच कारणं असतात असं नाही, वयाचाही त्यात हात असतो. तेव्हा सासूबाईंच्या भांगावरून त्यांच्या लेकाचं जनुक वाचता येणार नाही, तसंच तुमच्या वेणीवरून तुमचंही नाही.

तरीही पारडं तुमच्या बाजूला झुकतं, ते आणखी एका कारणाने. या सगळ्या जागांमध्ये सर्वात वजनदार असलेल्यांपैकी एक एक्स गुणसूत्रावर आहे. पुरुषी संप्रेरक ज्याला जाऊन चिकटतं, त्या ग्राहकाचं जनुक तिथे असतं. मुलाला एक्स फक्त आईकडून मिळतो, वडील वाय देतात. "आईच्या वडिलांचं डोकं बघ" असं न्हाव्याच्या दुकानात म्हणतात, त्यात तथ्य आहे ते इतकंच. तुमच्याकडे दोन एक्स, त्यातला एक तुमच्या वडिलांचा. ग्राहकाचं ते जनुक मुलाकडे तुमच्या वडिलांच्या एक्सवरून गेलं असण्याची शक्यता निम्मी. दोन सख्ख्या भावांत एकाला टक्कल आणि एकाला नाही, याचं एक कारण हेही असतं.

पण त्यावरून टकलाला लिंग-सहलग्न म्हणू नका. बारावीत इथेच गुण जातात. रंगांधळेपणा लिंग-सहलग्न, कारण त्याचं जनुक एक्सवर बसलेलं आहे. जनुक कुठल्या गुणसूत्रावर आहे, एवढाच तिथे प्रश्न. लिंग-प्रभावित गुणाची जनुकं बहुतांशी एक्स-वाय सोडून उरलेल्या साध्या गुणसूत्रांवर असतात, मुलगा-मुलगी दोघांना सारखीच मिळतात, फरक पुढे संप्रेरकं करतात. वडिलांकडून मुलाकडे टक्कल गेलेली घरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. सगळं एक्सवरच असतं तर ते शक्य झालं नसतं.

तिसरा शब्द लिंग-मर्यादित. गुण एकाच लिंगात दिसतो, दुसऱ्यात कितीही प्रती असल्या तरी दिसतच नाही. दुधाचं उदाहरण घ्या. रेडा दूध देत नाही, पण म्हैस किती दूध देईल याची निम्मी जनुकं तिला तिच्या बापाकडून येतात. म्हणून पैदाशीचा रेडा निवडताना त्याच्या लेकींचं दूध मोजतात, त्याच्याकडे नुसतं पाहून काही कळत नाही. तुमच्या मुलीकडेही दाट किंवा विरळ दाढीची जनुकं आहेत. ती तिच्या मुलात दिसतील. टक्कल या प्रकारात बसत नाही, कारण स्त्रियांचेही केस जातात, फक्त उंबरठा वर असतो आणि रूप वेगळं असतं. त्यांच्या कपाळाची रेषा सहसा जागेवर राहते, आणि भांगापासून दोन्ही बाजूंना केस विरळ होत जातात.

यावरून मुलीच्या गळणाऱ्या केसांकडे वळते, कारण मला सर्वात जास्त काळजी तिच्या घाबरण्याची वाटली. मूठ-मूठ केस अचानक गळणं हे टकलाचं लक्षण नाही. टक्कल चोरपावलांनी येतं, वर्षानुवर्षं, आणि अनेकदा गळणारे केस फारसे लक्षातही येत नाहीत. दिवाळीपासून एकदम सुरू झालं म्हणता, तर तिला विचारा, श्रावण-भाद्रपदात ताप येऊन गेला होता का? डेंग्यू, टायफॉइड, मोठा आजार, किंवा परीक्षेच्या धास्तीने जेवण तुटणं. अशा धक्क्याने बरेच केस एकाच वेळी वाढ थांबवतात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात. तोवर ताप विसरलेला असतो, म्हणून दोष पाण्याला किंवा शाम्पूला जातो. रोज पन्नास ते शंभर केस तर निरोगी डोक्यावरूनही जातात, आणि लांब केसांचा गुंता जास्त दिसतो.

घरी पाहण्यासारखं एवढंच. गळलेले केस पांढऱ्या कागदावर ठेवा. सगळे सारखे जाड आणि लांब असतील, टोकाला बारीकसा पांढरा ठिपका असेल, तर हे धक्क्याने गळणं असण्याची शक्यता जास्त. त्यात बारीक, आखूड, लवेसारखे केस बरेच असतील, आणि मधला भांग मागच्या भांगापेक्षा ठळक रुंद दिसत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. आणि एक गोष्ट तिला एकटीला, हळुवारपणे विचारा: पाळी दोन-दोन महिने चुकते का, हनुवटीवर राठ केस येतात का, मुरुमं वाढलीत का. तसं असेल तर अंडाशयातून पुरुषी संप्रेरकं जास्त तयार होत असू शकतात. म्हणजे रिमझिमीचा पाऊस वाढलाय. अशा वेळी "टक" असलेल्या मुलीचं गप्प जनुकही बोलू लागतं, आणि मग नुसतं केसांचं औषध पुरत नाही, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावं लागतं. यातलं काहीच नसेल तरी हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइडची तपासणी करून घ्या. लोहाची कमतरता आपल्या मुलींत फार दिसते, आणि ती भरून काढता येते.

मुलाच्या बाबतीत उशीर करू नका. हेल्मेटने, टोपीने किंवा टँकरच्या पाण्याने हे झालेलं नाही, त्यामुळे तेल बदलून थांबणारही नाही. त्वचारोगतज्ज्ञ त्याला मिनॉक्सिडिल लावायला देतील, कदाचित फिनॅस्टेराइडची गोळीही. ही गोळी टेस्टोस्टेरॉनचं त्या तीव्र संप्रेरकात होणारं रूपांतर अडवते, म्हणजे जमीन तशीच ठेवून पाऊस कमी करते. काही पुरुषांना तिच्याने लैंगिक इच्छा कमी झाल्याचा त्रास होतो, म्हणून ती मेडिकलमधून परस्पर आणू नये. दोन्हींचा परिणाम कळायला सहा महिने ते वर्ष लागतं, आणि औषध बंद केलं की गळणं पुन्हा सुरू होतं. हे त्याला आधीच माहीत असलं पाहिजे, नाहीतर मुलं तिसऱ्या महिन्यात कंटाळून सोडतात. दर महिन्याला एकाच खिडकीपाशी, एकाच उजेडात टाळूचा फोटो काढायला सांगा. आरशात रोज पाहून फरक कळत नाही. घरात एक नियम मात्र कडक पाळा: ही गोळी तुम्ही किंवा मुलीने कधीही घ्यायची नाही, आणि फुटलेल्या गोळीला गरोदर बाईने हातही लावायचा नाही. पोटात मुलाचा गर्भ असेल तर त्याच्या जननेंद्रियांची घडण तिच्याने बिघडू शकते.

सासूबाईंना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. त्यांनी पुन्हा विषय काढला, तर मुलीला समोर बसवून कागदावर "टक" आणि "कक" मांडायला सांगा, आणि त्यांच्या भांगापाशी हिशेब कसा अडतो तेही तिनेच दाखवू दे. आजी नातीचं ऐकतील असं मला वाटतं.

तुमची,
ताई